उजवीकडून तीन, मग दोन-दोन

टाकळकरबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, याची आमच्या शाळेत सात महिने चर्चा चालली. जानेवारीत वैजनाथराव गेले. चौदाव्या दिवसानंतर बाई शाळेत आल्या, मस्टरवर सही केली, खडू घेतला आणि पाचवीच्या वर्गात गेल्या. स्टाफरूममध्ये लगेच कुजबुज. "बाईंना काहीच वाटत नाही का हो?" मला असल्या माणसांचा भयंकर राग येतो. रडली तर म्हणणार, किती रडते. नाही रडली तर म्हणणार, दगड आहे. मी तोंडावरच म्हटलं, "तुमच्यासमोर रडायचं म्हणजे तिकीट लावायला पाहिजे." तेव्हापासून माझ्यासमोर तरी कुणी बोललं नाही.

पण खरं सांगते, मलाही तेच वाटायचं. त्यांना काहीच वाटत नव्हतं. आनंद नाही, दुःख नाही, चिडचिड नाही. डबा उघडायच्या, दोन घास खायच्या, डबा बंद करायच्या. भाजी कसली होती विचारलं तर आठवायला वेळ लागायचा.

मी नीरजा, चौथीला शिकवते. आमची शाळा औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत. माझा वर्ग आणि बाईंचा वर्ग यांच्यामध्ये भिंत नाही, प्लायवूडचा पडदा आहे. त्यामुळे गेली अकरा वर्षं त्यांचं गणित माझ्या कानावर फुकट पडत आलंय. शैला टाकळकर, वय सत्तावन्न, नोकरी तेहतीस वर्षं, येत्या मेमध्ये निवृत्त. चष्मा, सुती साडी, पायात बाटाच्या चपला. यापलीकडे त्यांच्यात बघण्यासारखं काही नाही, आणि कुणी बघतही नव्हतं.

त्यांची एक पद्धत मात्र सगळ्या शाळेला ठाऊक होती. मोठ्या संख्या शिकवताना त्या पोरांना फळ्यावरून उतरवून घेऊ देत नसत. संख्या आधी तोंडाने म्हणायची. एकाने म्हणायची, दुसऱ्याने न बघता लिहायची. घरीही तसंच करायचं. आई, आजोबा, शेजारी, जो सापडेल त्याला म्हणायला लावायचं आणि आपण लिहायचं. म्हणणाऱ्याने स्वल्पविरामाच्या जागी थांबायचं आणि "हं" म्हणायचं. "हं" ऐकू आलं की स्वल्पविराम द्यायचा.

पडद्याआडून मला रोज ऐकू यायचं. "बारा लाख, हं. चाळीस हजार, हं. सहाशे पाच." आणि मग बाईंचा आवाज, "उजवीकडून तीन सोडा, मग दोन-दोन. घाई करू नका."

ही पद्धत त्यांनी घरातून आणली होती, हे मला फार उशिरा कळलं.

वैजनाथराव पैठणला धरणाच्या कार्यालयात कारकून होते. सकाळच्या एसटीने जायचे, संध्याकाळी यायचे. धरणातलं पाणी दशलक्ष घनमीटरात मोजतात, म्हणजे त्यांचा दिवस मिलियनमध्ये जायचा आणि संध्याकाळ लाखांत. घरी आले की बाई स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी कागद घेऊन बसायच्या आणि दुसऱ्या दिवशीचा गणिताचा वर्कशीट तपासायच्या. तपासायच्या म्हणजे काय, तर वैजनाथराव उत्तरांचा कागद हातात धरून एकेक संख्या मोठ्याने वाचायचे, बाई कोऱ्या कागदावर लिहायच्या आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायच्या. स्वल्पविरामाशी थांबून "हं" म्हणायची सवय वैजनाथरावांची. कार्यालयात आकडे सांगताना लागलेली. तीस वर्षं त्या घरात हे चाललं होतं. एकही वर्कशीट त्या दोघांच्या तोंडातून आणि हातातून गेल्याशिवाय शाळेत आला नाही.

आता मधली गंमत सांगते. गंमत म्हणजे आमच्या संस्थेचा शहाणपणा. आमची शाळा सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. इतकी वर्षं पोरं लाख-कोटी शिकत होती, कुणाचं काही अडलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी संस्थेच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपली पोरं उद्या परदेशात जाणार, त्यांना मिलियन यायलाच पाहिजे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. झालं, पाचवीला दोन्ही पद्धती एकदम. पहिल्या भागात भारतीय पद्धत, दुसऱ्या भागात आंतरराष्ट्रीय. एकच संख्या, इकडे पाच कोटी चार लाख तीस हजार, तिकडे पन्नास मिलियन चारशे तीस हजार. शिकवणीला जाणाऱ्या काही पोरांच्या मोबाइलमध्ये परदेशी ॲप. त्यात सगळीकडे तीन-तीनचे गट. ती पोरं डोळे झाकून सगळीकडे तीनावर स्वल्पविराम देत सुटली.

ऑगस्टमध्ये शिष्यवृत्तीच्या जादा वर्गाची निवड होती. सकाळी साडेसातचा वर्ग, शिकवणार टाकळकरबाई, जागा वीस. संगणकाच्या खोलीत वीसच बाकं मावतात म्हणून. पाचवीत बेचाळीस पोरं. निवड एका वर्कशीटवर, गुण वीस. पहिल्या भागात दहा संख्या बिनस्वल्पविरामाच्या, त्यांत भारतीय पद्धतीने स्वल्पविराम द्यायचे. दुसऱ्या भागात दहा संख्या अक्षरांत, मिलियनमध्ये, त्या अंकांत लिहायच्या.

प्रश्न बाईंनीच काढले. पहिल्या भागाच्या उत्तरांसाठी संख्या नुसत्या, सलग लिहून ऑफिसात सत्यमला दिल्या. सत्यम आमचा संगणकावरचा कारकून. त्याने त्या रकान्यात टाकल्या, रकाना निवडला आणि स्वल्पविरामाचं बटण दाबलं. संगणकाने झपकन सगळीकडे स्वल्पविराम घातले. तो संगणक परदेशी पद्धतीवर लावलेला, त्यामुळे स्वल्पविराम पडले तीन-तीनावर. सत्यमला वाटलं, संगणकाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. कागद छापला, बाईंपुढे ठेवला. बाईंनी सही केली.

एवढंच झालं. बाकी काही नाही.

दुसरी कुणी असती तर मी म्हटलं असतं, हलगर्जीपणा. पण तो कागद त्या दिवशी टाकळकरबाईंच्या पिशवीत घरी गेला होता, हे मला माहीत आहे. ओट्याजवळ ठेवला असणार. वाचणारं कुणी नव्हतं. सकाळी तसाच परत आला.

पेपर झाले, बाईंनी तपासले. मी समोर बसून माझ्या पोरांची शुद्धलेखनं बघत होते. त्या उजव्या हाताला उत्तरांचा कागद ठेवून टिक आणि फुली करत होत्या. टिक, फुली, फुली, टिक. चेहऱ्यावर काही नाही. गहू निवडताना एखादी बाई जसं हाताने निवडत राहते आणि डोकं दुसरीकडे असतं, तसं चाललं होतं. तेहतीस वर्षं लाख-कोटी शिकवलेल्या बाईला समोर ५०,४३०,०७० दिसत होतं आणि त्याला टिक पडत होती.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. यादी बघून मला नवल वाटलं. वर्गात मागे बसून मोबाइलच्या गप्पा मारणारी पोरं वर, आणि पाढे घडाघडा म्हणणारी पोरं गायब. मनस्विनी तांगडे तर कुठेच नव्हती. तिला वीसपैकी अकरा गुण.

मनस्विनी मागच्या वर्षी माझ्या वर्गात होती, म्हणून मला तिची माहिती. घरचे मूळचे पाचोडचे. थोडी शेती, ती काका बघतो. वडील वाळूजला कंपनीत, आई एका वसतिगृहात स्वयंपाकाला. दोघंही सकाळी सहाला बाहेर. घरी आजोबा, धोंडिबा, तेच तिला शाळेत सोडायचे. शिकवणी नाही, मोबाइल नाही. तिला जे काही येत होतं ते शाळेतून आलेलं. हा जादा वर्ग मिळाला नाही तर शिष्यवृत्तीची तयारी तिच्याकडून कोण करून घेणार होतं? कुणी नाही. हे तिलाही पक्कं कळत होतं. चौथीत असल्यापासून ती मला विचारायची, "बाई, पाचवीत गेल्यावर सकाळच्या वर्गाला मला घेतील ना?"

यादी लागल्यावर ती तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत धोंडिबा तिला हाताला धरून घेऊन आले. पांढरं धोतर, डोक्याला पटका, हातात वर्कशीटची चौपदरी घडी. दारातच उभे. पोरगी त्यांच्या मागे, मान खाली.

मला वाटलं, आता भांडण. मी खुर्ची सरकवून तयारच होते. पण म्हातारा भांडायला आलाच नव्हता.

"बाई," ते टाकळकरबाईंना म्हणाले, "म्या काय शिकेल नाय. पन पोरगी जेवंना झाली. ती म्हनती, बाईंनी जसं सांगितलं तसंच लिव्हलं. मंग चुकलं कसं, येवढं सांगा फकस्त. म्हंजी म्या तिला समजावून सांगतो."

बाईंनी कागद घेतला, उलगडला, बघितला. "उत्तराशी जुळत नाही, आजोबा. तपासून दिलंय."

"व्हय, तपासलंच आसंल. तुमच्यावर इसवास हाये. पन आमी दोघांनी ह्या तीन दिसांत घरी लई येळा केलंय हे. म्या बोलायचं न् तिनं लिव्हायचं. मला तर पाठ झालंय." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते सुरू झाले. "पाच कोटी, हं. चार लाख, हं. तीस हजार, हं. सत्तर. लिव्हा बरं."

टाकळकरबाई उभ्या होत्या. "हं" ऐकल्यावर त्यांनी मान वर केली. मग त्या फळ्याकडे वळल्या. का वळल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तीस वर्षांची सवय, कुणी म्हटलं की हाताने लिहायचं. खडू उचलला आणि लिहिलं. ५, मग स्वल्पविराम. ०४, स्वल्पविराम. ३०, स्वल्पविराम. ०७०.

लिहून झालं आणि त्या आपल्याच अक्षराकडे बघत राहिल्या. ५,०४,३०,०७०.

मग टेबलाचा खण उघडून उत्तरांचा कागद काढला. पहिल्या भागातली चौथी संख्या. ५०,४३०,०७०. कागद फळ्याशेजारी धरला. घरी दोन कागद शेजारी ठेवून बघत असतील तसाच. मग तिसरी, पाचवी, सहावी. दहापैकी दोन संख्या पाच अंकी होत्या, तिथे दोन्ही पद्धतींत स्वल्पविराम एकाच जागी येतो. त्या दोन सोडल्या तर उरलेल्या आठही चुकीच्या.

"नीरजा," त्या मला म्हणाल्या, "ज्यांनी माझं ऐकलं ना, त्या सगळ्यांना मी फुल्या मारल्या."

आवाजात काही नव्हतं. बसची वेळ सांगावी तसं त्या बोलल्या.

मग धोंडिबांकडे वळून त्यांनी विचारलं, "आजोबा, मधे हं कशाला म्हणता?"

म्हातारा गोंधळला. "तुमीच सांगितलंय नव्हं? पोरगी म्हनती, बाईंचं हाये. हं म्हनलं की टिंबाला शेपूट काढायची."

"माझं नाही ते," बाई म्हणाल्या. "आमच्या घरातल्यांचं आहे."

"त्यांना नमस्कार सांगा मंग," धोंडिबा म्हणाले. "लई सोपं पडतं त्येनं."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाई म्हणाल्या, "सांगते." आणि मनस्विनीला म्हणाल्या, "उद्यापासून शाळेत ये. तुझं बरोबर आहे."

बाईंनी त्याच दुपारी बेचाळीस पेपर पुन्हा काढले. मी म्हटलं, अर्धे मला द्या. नाही म्हणाल्या. लाल शाईच्या फुल्यांवर हिरव्या शाईने टिक करत गेल्या आणि चुकून पडलेल्या टिकांवर फुली. मनस्विनीचे अकराचे एकोणीस झाले. एक गुण गेला तो खरा गेला. दुसऱ्या भागात 'सात मिलियन पाच हजार साठ' होतं, तिने ७,५,०६० लिहिलं होतं. पाचाच्या आधीची दोन शून्यं विसरली. मिलियनमध्ये हजारांच्या घराला तीन जागा असतात, तिने एकच भरली. ती फुली बाईंनी तशीच ठेवली.

नवा हिशेब असा निघाला की यादीतली सहा पोरं खाली जात होती आणि सहा वर येत होती.

आता आमचे मुख्याध्यापक, विश्वजित सर. वय छत्तीस, माणूस वाईट नाही, पण बोभाट्याला फार भितात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, यादी लागून चार दिवस झाले. पालकांनी स्टेटस ठेवलेत. आता सहा जणांना काढायचं म्हणजे गदारोळ होईल. त्या तांगडेच्या मुलीला आपण घेऊन टाकू. एकविसावी. एक स्टूल टाकता येईल. विषय संपला."

मला वाटलं, चला, सुटलं. मनस्विनीला जागा मिळाली, आणखी काय पाहिजे? मी हो म्हणून टाकणार होते.

"आणि बाकीची पाच?" टाकळकरबाई म्हणाल्या.

"त्यांचं कुणी आलं नाही ना विचारायला."

"त्यांना आजोबा नसतील."

सर म्हणाले, "हे बघा, उत्तरांच्या कागदावर तुमची सही आहे. संस्थेपर्यंत गेलं तर तुमच्यावर येईल. मेमध्ये निवृत्ती आहे. पुढेही हा वर्ग तुम्हीच घ्यावा असं आमचं चाललं होतं. सत्यमने बटण दाबलं असं म्हणू हवं तर."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. इथे तर चोर संगणक होता आणि सत्यम बिचारा दारात घामाघूम उभा होता.

"सत्यमला मी सलग आकडे दिले. स्वल्पविराम द्यायचं काम माझं," बाई म्हणाल्या. "सही माझी आहे. मी न वाचता केली. नवीन यादी मी लिहून लावते, खाली माझं नाव घालते. तुम्हाला त्यात पडायची गरज नाही."

"बाई, पण इतकं कशाला? कुणाला काय वाटेल..."

"मला काही वाटत नाही सर," बाई म्हणाल्या. "सात महिने झाले. मला कशाचंच काही वाटत नाही. म्हणून तर हे झालं."

सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बाईंनी घेतला नाही. "लावा यादी," सर म्हणाले.

यादी बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिली. खाली दोन ओळी: 'पहिल्या यादीत चूक झाली होती. उत्तरे तपासताना ती माझ्याकडून झाली. शै. वै. टाकळकर.' ज्या सहा पोरांची नावं गेली त्यांच्या घरी त्यांनी स्वतः फोन केले. मी शेजारी बसले होते. दोन पालक नीट बोलले. एका बापाने त्यांना असं काही सुनावलं की मी फोन हिसकावून घेणार होते. बाई ऐकत राहिल्या. "हो. माझंच चुकलं. हो." फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला. त्यांना लागत नव्हतं, म्हणून मलाच जास्त लागत होतं. एखाद्याने हातावर चटका बसू द्यावा आणि हात मागेही घेऊ नये, तसं ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिला तास. मी चौथीला परिसर अभ्यासातला नकाशा काढायला लावला होता, त्यामुळे वर्ग शांत होता आणि पडद्यापलीकडचं सगळं नीट ऐकू येत होतं.

"पहिल्या भागात ज्यांनी उजवीकडून तीन आणि मग दोन-दोन केलं, त्यांचं बरोबर होतं," बाईंचा आवाज आला. "माझं चुकलं. ज्यांनी सगळीकडे तीन-तीन केलं, त्यांनी प्रश्न नीट वाचला नाही आणि मी उत्तर नीट वाचलं नाही. आपण दोघंही सारखेच. आता पुन्हा करू. मी लिहिते, तुम्ही म्हणा."

पोरं हसली. बाई विनोद करत नव्हत्या, तरी हसली.

"मनस्विनी, तू ये पुढे. दुसऱ्या भागातली तुझी चुकलेली संख्या घे. सात मिलियन पाच हजार साठ. ती आधी आपल्या पद्धतीने म्हण. एक मिलियन म्हणजे दहा लाख. मग सात मिलियन म्हणजे किती?"

"सत्तर लाख."

"हं. मग पूर्ण म्हण. मी बघत नाही, तू सांगशील तेच लिहिते."

मनस्विनीने घसा खाकरला. शाळेतल्या पोरी खाकरतात तसा, उगीचच. "सत्तर लाख..."

आणि वर्गातली सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "हं!"

बेचाळीस पोरांचा एक "हं". माझी चौथीची पोरंही नकाशावरून मान वर करून बघायला लागली. पलीकडे खडू एकदा टेकल्याचा आवाज आला.

"पाच हजार..."

"हं!"

मग काहीच नाही. खडूचा आवाज नाही, बाईंचा नाही. पोरांची चुळबूळ सुरू झाली, मग तीही थांबली. बेचाळीस पोरं गप्प बसलेली मी कधी ऐकली नव्हती. मी उठले आणि पडद्याच्या कडेने डोकावले.

टाकळकरबाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. फळ्यावर ७० लिहिलेलं होतं, पुढे स्वल्पविराम. खडूचा हात तिथेच हवेत. त्यांचे खांदे हलत होते. आवाज न करता, पाठमोऱ्या, त्या रडत होत्या. सात महिन्यांचं सगळं त्या पाठीवर दिसत होतं. पोरांना काही कळलं नव्हतं, किंवा कळलं असेल, पोरांचं काही सांगता येत नाही. मी आत गेले नाही. माझेही डोळे भरून आले होते, हे कबूल करते.

मनस्विनी फळ्याशेजारी उभी होती. तिला वाटलं, बाई अडल्या. ती एक पाऊल पुढे आली आणि अगदी हळू, वर्गाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"बाई, पाचाच्या आधी शून्य द्या. दशहजाराची जागा रिकामी हाये ना. मी पन इथंच चुकले होते."

बाईंनी पदराने चष्म्याखालून डोळे पुसले.

"व्हय गं," त्या म्हणाल्या. "रिकामीच आहे."

आणि त्यांनी शून्य लिहिलं, मग पाच, मग स्वल्पविराम. मागून पोरं ओरडली, "साठ!"